सातच्या अर्ध्याचा वर्ग: पूर्ण वर्ग पद्धतीच्या एका वर्कशीटची तपासणी

माझी भाची न्यू जर्सीत नववीत आहे. तिकडे बऱ्याच शाळांत नववीला ‘अल्जिब्रा वन’ असतं आणि त्यात पूर्ण वर्ग पद्धत येते. आपल्याकडे राज्य मंडळाची मुलं तीच पद्धत दहावीत, वर्गसमीकरणांच्या प्रकरणात शिकतात. तिला शाळेतून नऊ प्रश्नांचं एक वर्कशीट मिळालं होतं. ते सोडवून तिने वहीच्या पानांचे फोटो मला पाठवले आणि सोबत शाळेने दिलेली उत्तरांची यादी जोडली. यादीत नुसती शेवटची उत्तरं होती, पायऱ्या नव्हत्या. “मावशी, दोनच पूर्ण बरोबर आलीत. पण मी सगळीकडे निम्मं करून वर्गच केलाय,” असं तिचं म्हणणं.

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच हे पान मला बारकाईने बघावंसं वाटलं. नियम पाठ असूनही सात प्रश्न चुकतात, तेव्हा चूक नियमाच्या आत कुठेतरी दडलेली असते.

पहिल्या भागात रिकामी जागा भरून राशी पूर्ण वर्गाच्या रूपात लिहायची होती. तिची उत्तरं अशी:

x² + 4x + 4 = (x + 2)²
x² + 10x + 25 = (x + 5)²
x² − 14x + 49 = (x + 7)²
x² + 7x + 49/2 = (x + 7/2)²

पहिली दोन बरोबर. तिसऱ्यात रिकामी जागा बरोबर भरली, पण कंस चुकला. चौथ्यात कंस बरोबर, पण रिकामी जागा चुकली. चुका अशा उलटसुलट पडल्या की मुलांना वाटतं, आपला धांदरटपणा झाला. इथे तसं नव्हतं.

आधी पहिल्या प्रश्नाबद्दल. x² + 4x मध्ये 4 मिळवायचे, हे उत्तर बरोबर आहे, पण त्यावरून मुलाला पद्धत कळली की नाही याचा काहीच पत्ता लागत नाही. 4 चं निम्मं 2 आणि 2 चा वर्ग 4. पण निम्मं करून वर्गाऐवजी दुप्पट केली तरी 4. आणि काहीच न करता मधला सहगुणक उचलून ठेवला तरी 4. तीन वेगवेगळ्या वाटा एकाच उत्तरावर येतात. वर्कशीट बनवणाऱ्यांना 4 फार आवडतो, मला तो पहिल्या उदाहरणात अजिबात आवडत नाही. दुसऱ्या प्रश्नात मात्र या वाटा फुटतात: निम्मं करून वर्ग केला तर 25, निम्मं करून दुप्पट केली तर 10, आधी वर्ग करून मग निम्मं केलं तर 50. तिने 25 लिहिले होते. म्हणजे तिचा क्रम बरोबर होता: आधी निम्मं, मग वर्ग.

पण निम्मंच का, आणि वर्गच का, हे तिला विचारल्यावर “मिसनी तसंच सांगितलंय” एवढंच आलं. तेव्हा कागदावर चित्र काढायला लावलं. x बाजूचा एक चौरस काढायचा, त्याचं क्षेत्रफळ x². आता 10x म्हणजे x लांब आणि 10 रुंद अशी एक पट्टी. ही पट्टी आहे तशी चौरसाच्या एका बाजूला चिकटवली तर आयत होतो, चौरस होत नाही. चौरसच हवा असेल तर वाढ दोन्ही दिशांना सारखी व्हायला हवी. म्हणून पट्टी लांबीच्या दिशेने मधोमध कापायची. 5 रुंदीच्या दोन पट्ट्या झाल्या, एक उजवीकडे लावली, एक खाली. निम्मं करण्याचं कारण एवढंच. आता खालच्या उजव्या कोपऱ्यात एक जागा रिकामी राहते. तिची एक बाजू 5, दुसरीही 5, म्हणजे तिचं क्षेत्रफळ 25. वर्ग करण्याचं कारणही एवढंच. कोपरा भरला की पूर्ण चौरसाची बाजू x + 5.

हे चित्र काही माझं नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने x² + 10x = 39 हे समीकरण अशाच आकृतीने सोडवून दाखवलं होतं. कोपऱ्यातले 25 मिळवले की 39 चे 64 होतात, मोठ्या चौरसाची बाजू 8, म्हणून x + 5 = 8 आणि x = 3. त्याने उत्तर 3 वरच थांबवलं. −13 हे दुसरं मूळ त्याने घेतलं नाही, कारण त्याच्यासाठी x ही चौरसाची बाजू होती आणि बाजू ऋण नसते. ही गोष्ट पुढे पाचव्या प्रश्नात उपयोगी पडते.

बीजगणितात हेच (x + p)² = x² + 2px + p² असं लिहितात. मधल्या पदात p दोनदा येतो, म्हणून p मिळवायला मधल्या सहगुणकाचं निम्मं करायचं. शेवटी p² आहे, म्हणून त्या निम्म्याचा वर्ग.

यावरून एक गोष्ट लक्षात येते, जी वर्कशीटच्या सूचनेत कुठेच लिहिलेली नव्हती: निम्मं दोन ठिकाणी लागतं. एकदा वर्ग करायला आणि एकदा कंसात ठेवायला. भाची ते मनात काढायची, त्याचा वर्ग रिकाम्या जागी लिहायची आणि मग कंसासाठी वर्गावरून उलटं मागे जायची. x² − 14x मध्ये नेमका घोटाळा झाला तो इथे. −14 चं निम्मं −7, त्याचा वर्ग 49. पुढे कंस भरताना तिने 49 कडे पाहिलं, त्याचं वर्गमूळ 7 घेतलं आणि x + 7 लिहिलं. वर्ग केला की ऋण चिन्ह पुसलं जातं. 49 कडे बघून ते 7 पासून आलेत की −7 पासून, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यामुळे निम्मं चिन्हासकट समासात लिहून ठेवायचं:

निम्मं = −7, वर्ग = 49

आणि कंसात समासातलंच निम्मं उतरवायचं: (x − 7)². उपाय क्षुल्लक वाटतो. पण एवढ्याने तिसऱ्या प्रश्नासारख्या चुका जवळजवळ थांबतात.

आता चौथा प्रश्न, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. x² + 7x + 49/2. हे दिसायला ‘आधी वर्ग, मग निम्मं’ केल्यासारखं आहे, कारण 7² ÷ 2 बरोबर 49/2. पण आपण आत्ताच पाहिलं की 10 च्या वेळी तिने क्रम चुकवला नव्हता. मग इथेच का? तिच्या फोटोत 49/2 च्या आधी एक अर्धवट खोडलेली ओळ दिसत होती: 7²/2, कंस न घालता. तिने निम्मं बरोबर केलं होतं, 7/2. वर्गाचं चिन्ह टाकताना मात्र कंस राहिला आणि वर्ग फक्त अंशाचा झाला, छेद तसाच राहिला. (खोडलेलं मी नेहमी वाचते, त्यात स्वच्छ लिहिलेल्यापेक्षा जास्त सापडतं.)

सम सहगुणक असेपर्यंत हा दोष बाहेर येत नाही. 4, 10, 14 यांचं निम्मं पूर्णांक असतं, छेदच नसतो, मग तो विसरणार कुठून? पहिला विषम सहगुणक आला की छेद येतो. मी तिला अपूर्णांक बाजूला ठेवायला सांगितलं. “सातचं निम्मं किती?” “साडेतीन.” “साडेतीनचा वर्ग?” कॅल्क्युलेटरवर 12.25. “आणि तू लिहिलेले 49/2 म्हणजे किती?” 24.5. पुढचं तिचं तिलाच दिसलं. चित्रात बोलायचं तर दोन्ही पट्ट्या साडेतीन रुंद आहेत, कोपरा साडेतीन बाय साडेतीनचा आहे. 24.5 क्षेत्रफळाच्या कोपऱ्याची बाजू जवळपास 4.95 होईल, तो तिथे मावणारच नाही.

कॅल्क्युलेटरशिवायही अंदाज घेता येतो. साडेतीन हे 3 आणि 4 च्या मध्ये आहे, तेव्हा त्याचा वर्ग 9 आणि 16 च्या मध्येच असायला हवा. 49/4 बसतं, 49/2 बसत नाही. अपूर्णांकात लिहायचं तर (7/2)² म्हणजे 7/2 × 7/2, वर 7 × 7 = 49, खाली 2 × 2 = 4. म्हणून

x² + 7x + 49/4 = (x + 7/2)²

या एका चुकीचा माग पुढे सहाव्या प्रश्नातही निघाला, पण त्याआधी पाचवा. x² + 6x − 7 = 0. यात तिने जवळजवळ सगळं बरोबर केलं होतं:

x² + 6x = 7
निम्मं = 3, वर्ग = 9
x² + 6x + 9 = 7 + 9
(x + 3)² = 16
x + 3 = 4
x = 1

9 दोन्ही बाजूंना मिळवायचे, कारण समीकरणाच्या एकाच बाजूत भर टाकली तर दोन्ही बाजू समान राहत नाहीत. तिने ते केलं होतं. अडखळली ती शेवटून दुसऱ्या ओळीत. 16 हा 4 चा वर्ग आहे तसा −4 चाही आहे. x + 3 = −4 घेतलं की x = −7. यादीत 1 आणि −7 अशी दोन उत्तरं होती. इथे मी तिला चित्राच्या मर्यादेची आठवण करून दिली: चित्रात बाजू मोजतो म्हणून एकच उत्तर दिसतं, समीकरणात मात्र x ऋण असायला हरकत नसते. म्हणून वर्गमूळ घेताना ± लिहायचंच.

सहावा प्रश्न x² + 5x + 3 = 0. तिच्या वहीत:

(x + 5/2)² = −3 + 25/2 = 19/2

चौथ्याच प्रश्नातला दोष, फक्त 7 ऐवजी 5. ही चूक वेगळी म्हणून मोजायला नको. बरोबर मांडणी अशी:

x² + 5x = −3
निम्मं = 5/2, वर्ग = 25/4
x² + 5x + 25/4 = −3 + 25/4
(x + 5/2)² = −12/4 + 25/4 = 13/4
x + 5/2 = ±√13/2
x = (−5 ± √13)/2

−3 चे −12/4 करण्याची पायरी मुलं मनात करतात आणि तिथे घसरतात, म्हणून ती लिहावी. उत्तरात वर्गमूळ असलं की मूळ समीकरणात x ची किंमत घालून ताळा करायचा कंटाळा येतो. त्यापेक्षा दोन मुळांची बेरीज आणि गुणाकार बघावा. x² चा सहगुणक 1 असताना बेरीज मधल्या सहगुणकाच्या विरुद्ध चिन्हाची यायला हवी आणि गुणाकार स्थिरपदाएवढा. बेरीज −5 येते. गुणाकार (25 − 13)/4 = 3. दोन्ही जुळलं. तिच्या 19/2 च्या उत्तरात बेरीज −5 येते, पण गुणाकार 25/4 − 38/4 = −13/4 येतो. म्हणजे नुसती बेरीज पाहून भागत नाही. निम्मं बरोबर असलं की बेरीज जुळतेच, वर्गातली चूक गुणाकारात पकडली जाते.

इथे थोडं विषयांतर. निम्मं केल्यामुळे येणारा अपूर्णांक टाळण्याची युक्ती श्रीधराचार्यांच्या नावावर आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही, पण बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त त्यांच्या नावाने ती पद्धत दिली आहे. दोन्ही बाजूंना x² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं आणि मग मूळच्या मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा. इथे 4 ने गुणलं की 4x² + 20x = −12. आता 25 मिळवले की (2x + 5)² = 13. पहिलं पद (2x)² झालं, मधलं 20x म्हणजे 2 × 2x × 5, म्हणजे 5 आधीच निम्मा होऊन बसलेला आहे. उत्तर तेच येतं, वाटेत अपूर्णांक एकही नाही. भाचीला ही युक्ती फार आवडली. पण शाळेत पायऱ्यांना गुण असतात, म्हणून वर्कशीटमध्ये मी ती वापरू दिली नाही, ताळ्यासाठी वापर म्हटलं.

सातवा: 2x² − 12x + 10 = 0. तिने 12 चं निम्मं 6, त्याचा वर्ग 36 असं करून (2x − 6)² = 26 लिहिलं होतं. कंसाचा विस्तार करून बघ म्हटल्यावर (2x − 6)² = 4x² − 24x + 36 आलं, जे डाव्या बाजूशी कुठेच जुळत नाही. निम्मं करून वर्ग करण्याचा नियम (x + p)² च्या विस्तारातून आला, त्यात x² चा सहगुणक 1 आहे. तो 1 नसेल तर आधी 1 करून घ्यायचा. सगळी पदं 2 ने भागली:

x² − 6x + 5 = 0
x² − 6x = −5
निम्मं = −3, वर्ग = 9
(x − 3)² = 4
x − 3 = ±2
x = 5 किंवा x = 1

भागताना उजवीकडचा 0 हा 0 च राहतो, म्हणून इथे भागाकार बिनधास्त चालतो. हे वाक्य मी मुद्दाम सांगून ठेवलं.

आठवा लवकर आटपला. x² + 4x + 9 = 0 वरून (x + 2)² = −5 येतं. तिने इथपर्यंत बरोबर येऊन पुढे x = −2 ± √5 लिहिलं होतं, ऋण चिन्ह वाटेत गळून पडलं होतं. कुठल्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, तेव्हा वास्तव मुळं नाहीत एवढंच उत्तर.

नववा प्रश्न तिने सोडूनच दिला होता: y = 2x² − 12x + 10 हे शिरोबिंदू दिसेल अशा रूपात लिहा. सातव्यातलीच पदं बघून तिला हुरूप आला आणि तिने लगेच 2 ने भागून y = (x − 3)² − 4 लिहिलं. वर ताळाही केला: x = 1 आणि x = 5 घातलं की y शून्य येतो, मूळ राशीतही शून्यच येतो. मग बरोबर नाही का?

नाही. x = 3 घालून बघितलं तर मूळ राशीत 18 − 36 + 10 = −8 येतात, तिच्या राशीत −4. सातव्यात उजवीकडे 0 होता, 2 ने भागूनही तो बदलला नाही. इथे डावीकडे y आहे. भागाकार केला तर y/2 होतो, y नाही. 1 आणि 5 ला दोन्ही राशी शून्य येतात ते एवढ्याचसाठी, की शून्याचं निम्मंही शून्यच. त्यामुळे मुळं घालून केलेला ताळा इथे आंधळा ठरतो. इथे 2 ने भागायचं नाही, 2 कंसाबाहेर काढायचा:

y = 2(x² − 6x) + 10
निम्मं = −3, वर्ग = 9
y = 2(x² − 6x + 9 − 9) + 10
y = 2(x − 3)² − 18 + 10
y = 2(x − 3)² − 8

दुसऱ्या बाजूला मिळवायची सोय नाही, म्हणून त्याच बाजूला 9 मिळवायचे आणि लगेच वजा करायचे. तो −9 कंसाबाहेर येताना 2 ने गुणून येतो, म्हणून −18. मुलं इथे हमखास −9 लिहितात आणि शेवटी +1 येतो. x = 3 घातलं की चूक लगेच दिसते. शिरोबिंदू (3, −8).

दोन दिवसांनी मी तिला एकच नवं उदाहरण पाठवलं, ज्यात भागायचंही आहे आणि अपूर्णांकाचं निम्मंही करायचं आहे: 3x² + 4x − 2 = 0. तिने पाठवलेलं पान असं होतं:

x² + (4/3)x = 2/3
निम्मं = 2/3, वर्ग = 4/9
(x + 2/3)² = 6/9 + 4/9 = 10/9
x + 2/3 = ±√(10/9)

इथे ती थांबली होती. “मावशी, 10 चं वर्गमूळ पूर्ण येत नाही, मग पुढे काय?” छेदातल्या 9 चं येतं की. √(10/9) म्हणजे √10/3, म्हणून x = (−2 ± √10)/3. ताळा तिनेच केला: बेरीज −4/3, गुणाकार (4 − 10)/9 = −2/3, आणि 3 ने भागल्यावर स्थिरपद −2/3 च होतं.